म्हणू नयेत अशा त्रेचाळीस गोष्टी

प्राची पुण्यात सहा वर्षं एका जाहिरात कंपनीत होती. तिथे तिचं काम एकच होतं. कुठल्या तरी कंपनीची वस्तू इन्स्टाग्रामवर दाखवणाऱ्या लोकांना काय दाखवायचं, काय बोलायचं आणि फोटोखाली काय लिहायचं, याचा कागद तयार करून द्यायचा. त्या कागदाला 'ब्रीफ' म्हणतात. सहा वर्षांत तिने साबणाचे, गाद्यांचे, कुत्र्याच्या बिस्किटांचे मिळून तीनशेच्या वर ब्रीफ लिहिले. मग कंटाळून ती यवतमाळला परत आली आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक छोटा गाळा भाड्याने घेऊन तिने स्वतःचा हर्बल चहा काढला. गवती चहा, तुळस, सुंठ आणि वाळवलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या. नाव ठेवलं 'रानवाफ'.

पाकिटं छापून झाली, आणि डिसेंबर संपता संपता दिल्लीहून अन्नसुरक्षावाल्यांचा खुलासा आला. चहाच्या झाडाच्या पानांपासून जे होत नाही त्याला चहा म्हणायचं नाही. ना हर्बल चहा, ना फुलांचा चहा. तसं म्हटलं तर ती ग्राहकाची दिशाभूल.

"म्हणजे आपल्या चहाला चहा म्हणायचं नाही," प्राचीची आई रजनी म्हणाली. "आणि आत जो गवती चहा आहे, त्याला?"

"त्याला लेमनग्रास लिहू," प्राची म्हणाली आणि पाकिटं नव्याने छापायला टाकली. नव्या पाकिटावर 'हर्बल इन्फ्युजन' आलं. यवतमाळमध्ये हा शब्द कोण वाचणार, याचा विचार तिने मुद्दामच केला नाही.

विक्रीचा सगळा भरवसा आता रीलवर होता. त्यासाठी तिने इंदूबाईंना निवडलं आणि एक पाकीट पाठवून दिलं. इंदूबाई मारेगाव तालुक्यातल्या. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी, घरी कापूस आणि तूर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेतात वेचणी करता करता सुनेला फोनवर झापलं, ते नवरा भगवानराव यांनी गंमत म्हणून मोबाईलवर टिपलं आणि टाकलं. आता त्यांचे दोन लाख चाळीस हजार फॉलोअर होते. इंदूबाई बोलायच्या, भगवानराव मोबाईल धरायचे. पटलं नाही तर इंदूबाई वस्तू परत पाठवत. एका तेलवाल्याचं तेल त्यांनी रीलमध्येच म्हशीला चोळून दाखवलं होतं. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता तो याच्यामुळे.

प्राचीने ब्रीफ लिहिला. एक पान. जाहिरात आहे हे पहिल्या वाक्यात आणि कॅप्शनच्या पहिल्या ओळीत मराठीतच सांगा. चहा म्हणू नका. कुठलाही आजार बरा होतो, कमी होतो, टळतो असं म्हणू नका. पहिल्या तीन सेकंदांत बघणारा थांबेल असं काहीतरी करा. बाकी तुमच्या भाषेत, तुमच्या घरात. टाकण्याआधी आम्हाला दाखवा.

हे पान तिने बाबांना नुसतं वाचायला दिलं.

यज्ञेश्वर जिल्हा परिषदेत सामान्य प्रशासन विभागात चौतीस वर्षं नोकरी करून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. जिल्ह्यातली निम्मी परिपत्रकं त्यांच्या हातची, असं त्यांचे जुने सहकारी अजूनही सांगत. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "यात 'काहीतरी' असा शब्द आहे. काहीतरी म्हणजे नेमकं काय?"

"ते त्यांचं त्यांना सुचेल, बाबा."

"सुचेल! आणि सुचलं ते नियमात बसलं नाही तर नोटीस कोणाला येईल? तुलाही आणि त्या बाईलाही." हे त्यांचं खरंच होतं. "तू दे माझ्याकडे. मी जरा व्यवस्थित करून देतो."

व्यवस्थित करायला त्यांना चार दिवस लागले. या चार दिवसांत प्राची सीलिंग मशीनच्या मागे होती. ते मशीन दर तिसऱ्या पाकिटाचं तोंड जाळत होतं. पाचव्या दिवशी ती पाकिटांची पुढची छपाई बघायला नागपूरला गेली आणि दोन दिवस तिथेच अडकली. तोवर यज्ञेश्वरांचा मसुदा पूर्ण झाला होता. अकरा पानं झाली होती. वर विषय, संदर्भ, मग प्रस्तावना. पान सहावर 'कॅप्शनबाबत मार्गदर्शक सूचना'. शेवटी 'परिशिष्ट अ: उच्चारू नयेत अशी विधाने', त्यात त्रेचाळीस बाबी.

रजनीताईंनी ते परिशिष्ट चहा पिता पिता चाळलं. "सतरा नंबरला 'बरं वाटतं' असं लिहिलंय. हे का नाही म्हणायचं?"

"बरं म्हणजे रोगमुक्त असाही अर्थ होतो."

"आणि बावीसला 'जीव थंड झाला'?"

"उष्ण पेयाने जीव थंड होणे ही दिशाभूल आहे."

"अहो, मग माणसाने प्यायल्यावर म्हणायचं काय?"

"परिच्छेद आठ. 'सदर वनस्पतीजन्य उष्ण पेय चवीस समाधानकारक आहे.'" आणि त्यांनी ती अकरा पानं पीडीएफ करून स्वतःच्या फोनवरून इंदूबाईंना पाठवली. खाली लिहिलं, 'पोच द्यावी.'

इंदूबाईंनी पोच दिली आणि कामाला लागल्या. त्या कागदाला मानणाऱ्या बाई होत्या. सातबारा असो की बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर, लिहिलेलं सगळं वाचायचं आणि लिहिलंय तसंच करायचं, ही त्यांची रीत. पण पीडीएफ नीट उघडण्याआधीच भगवानरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात पहिली रील टिपून यज्ञेश्वरांना पाठवली. त्यात इंदूबाई चहा हा शब्द एकोणीस वेळा म्हणाल्या आणि भगवानरावांचा गुडघा दुखायचा थांबला हेही सांगितलं. यज्ञेश्वरांनी ती बघून लगेच उत्तर दिलं, 'अमान्य. परिशिष्ट अ, बाब १, ९ व ३१ चा भंग.'

मग इंदूबाईंनी बसून अकरा पानं वाचली. दुपारी दुसरी रील आली. अडतीस सेकंदांची. त्यात त्या ओट्यावर बसून कप तोंडाला लावतात, पितात, कप खाली ठेवतात आणि समोर बघत राहतात. कोंबडी जाते. मागून भगवानरावांचा आवाज येतो, "झालं का?" इंदूबाई मान हलवतात. संपलं.

यज्ञेश्वरांना यात नियमभंग सापडला नाही. फक्त जाहिरात असल्याचा उल्लेखच नव्हता. त्यांनी फोन केला.

"साहेब, मले हे सांगा," इंदूबाई म्हणाल्या, "चहा म्हनू नये. काढा म्हनू का?"

"काढा म्हणजे औषध. बाब दोन."

"बरं वाटते म्हनू नये. तरतरी आली म्हनू नये. झोप चांगली लागते म्हनू नये. मंग बोलू काय मी? हे 'समाधानकारक' मी आजवर कोनाले म्हनलं नाही. माह्या नवऱ्यालेही नाही."

"इंदूबाई, तुम्ही घाबरू नका. त्या परिशिष्टात आहे ते म्हणायचं नाही, एवढंच पाळा. आणि जाहिरात आहे हे आधी सांगा. बाकी तुमच्या मनाप्रमाणे."

"मंग तसंच करतो," इंदूबाई म्हणाल्या. त्यांना वाट सापडली होती.

संध्याकाळी तिसरी रील आली. दोन मिनिटं बावन्न सेकंद. वरच्या कोपऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'जाहिरात' हा शब्द. इंदूबाई तुरीच्या गंजीपुढे बसलेल्या, एका हातात कप, दुसऱ्या हातात मारेगावात जाऊन छापून आणलेलं परिशिष्ट.

"नमस्कार. ही जाहिरात हाय. कंपनीनं मले पैसे देल्ले. हे पाकीट हाय, याले रानवाफ म्हनतात. आता यायनं मले कागद देल्ला का इंदूबाई, तुमी काय म्हनू नये. मी कागदाच्या बाहेर जात नाही. तर आयका. एक. याले चहा म्हनू नये. नाही म्हनत. दोन. काढा म्हनू नये. नाही म्हनत. तीन. यानं शुगर कमी होते, असं म्हनू नये. नाही म्हनत. चार. बीपीच्या गोळ्या सुटतात, असं म्हनू नये. नाही म्हनत. पाच. पोटाचा घेर..."

असे त्रेचाळीस. प्रत्येक बाबीनंतर एक घोट आणि 'नाही म्हनत'. एकोणतिसाव्या बाबीपर्यंत त्यांचा कप रिकामा झाला, तेव्हा भगवानरावांचा हात बाजूने आत येऊन पुन्हा भरून गेला.

खाली कॅप्शनमध्ये यज्ञेश्वरांच्या मार्गदर्शक सूचना जशाच्या तशा चिकटवलेल्या होत्या. 'जाहिरात. (येथे कुटुंबातील एखादा आपुलकीचा प्रसंग दोन ओळींत लिहावा. अतिशयोक्ती टाळावी. भावना मर्यादेत असाव्यात.)'

यज्ञेश्वरांनी पेन घेतलं आणि परिशिष्ट समोर ठेवून रील तीनदा पाहिली. प्रत्येक बाबीपुढे टिक केली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बाबी बाईंनी म्हणायच्या नाकारल्या होत्या. जाहिरात असल्याचं सुरुवातीला, ठळक, मराठीत. नोकरीच्या चौतीस वर्षांत त्यांच्या परिपत्रकाचं इतकं तंतोतंत पालन कोणी केलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी लिहिलं, 'मान्य.' मग गाळ्यातल्या टॅबवर रानवाफच्या खात्याला इंदूबाईंची जोडीने टाकायची विनंती आली, तीही त्यांनी पोच समजून स्वीकारली. रील दोन्ही खात्यांवर लागली.

प्राचीने ती नागपूरहून परतताना पाहिली, तीही स्वतःच्या फोनवर नाही. एसटीत शेजारच्या बाईंच्या फोनमधून आवाज आला, "अकरा. थायरॉईड निंगून जाते, असं म्हनू नये. नाही म्हनत." त्या बाई हसत हसत बहिणीला पाठवत होत्या.

"हे काय आहे?" प्राचीने विचारलं.

"अहो, नवीन निघालंय काहीतरी. कंपनीनं बाईला बोलायची बंदी केलीये. सगळ्यावर चालतं म्हणे. शुगर, बीपी, सगळं."

"असं त्या म्हणाल्या?"

"नाही ना! तेच तर. म्हणायचं नाही म्हणून सांगितलंय."

प्राचीने आपला फोन उघडला. तीन लाख लोकांनी पाहिलं होतं. कळंब येईपर्यंत साडेतीन झाले. कॉमेंटमध्ये लोक एकमेकांना समजावत होते. 'ज्यावर चालत नाही ते म्हणू नये असं कशाला लिहितील? नीट विचार करा.' 'माझ्या मते २६ नंबर खरा आहे.' 'गुडघ्याचा नंबर कोणता, कोणी सांगेल का?' सोबत दोनशे ऑर्डरी.

पहिलं जे तिच्या मनात आलं ते आनंदाचं होतं, हे तिने नंतर आईपाशी कबूल केलं. महिनाभराचा माल एका संध्याकाळी. पुण्यात असती तर सगळ्या ऑफिसने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या. दुसरं जे मनात आलं ते हे, की यातल्या कोणी खरंच औषध समजून प्यायलं तर? पण रात्री घरी पोहोचल्यावर तिने रील काढली नाही. सकाळी बघू, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी लोहाऱ्याच्या गाळ्यापुढे बावीस माणसं उभी होती. एका शिक्षकाने परिशिष्टाचे आकडे वहीत उतरवून आणले होते. "मॅडम, मला तीन, चार आणि अठरा हवंय. वेगवेगळी पाकिटं आहेत की एकाच पाकिटात सगळं येतं?"

"सर, यात गवती... यात लेमनग्रास आहे. तुळस, सुंठ, जास्वंद. हे नुसतं प्यायचं आहे. याने काही बरं होत नाही."

शिक्षकांनी आजूबाजूला बघितलं, डोळा बारीक केला आणि आवाज खाली आणला. "समजलं. तुम्हाला तसंच म्हणावं लागतं."

"नाही हो, खरंच होत नाही!"

"दोन पाकिटं द्या," ते म्हणाले. मागच्या बाईने त्यांना विचारलं, मॅडम काय म्हणाल्या. शिक्षक म्हणाले, "काही होत नाही म्हणाल्या." बाई म्हणाली, "मग मला चार."

प्राची जितकं नाही म्हणत होती तितकी रांग वाढत होती. यज्ञेश्वर टेबलाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला परिशिष्टाची प्रत दाखवत होते आणि सांगत होते, "हे पाहा, लेखी आहे. असं आम्ही अजिबात म्हणत नाही." लोक त्या प्रतीचे फोटो काढून घेत होते.

अकराच्या सुमारास डोंगरसिंग आले. उमरखेडजवळच्या तांड्यावरचे, सत्तरीच्या आसपासचे. सकाळची एसटी पकडून साडेतीन तास प्रवास करून आले होते. ते रांगेत उभे राहिले नाहीत, पायरीवर बसले, कारण त्यांना घेरी येत होती.

"काका, पाणी घ्या," प्राचीने ग्लास दिला. "इतक्या लांबून कशाला आलात? घरपोच पाठवलं असतं."

"घरपोचले चार दिवस लागतात म्हने. चार दिवस कसा थांबू? गोळ्या तं मी बंद करून टाकल्या."

"कुठल्या गोळ्या?"

"शुगरच्या. बारा वर्सं झाले घेऊन राह्यलो, कट्टाळलो. नातीनं मोबाईलवर दाखवलं. इंदूबाई काही खोटी बोलनारी बाई नाही. कालपासून नाही घेतली. म्हनलं, आता हेच पिऊ."

प्राची तिथेच पायरीवर बसली. "काका, इंदूबाईंनी असं सांगितलेलं नाही."

"सांगतलं कोठं? नाही म्हनत, म्हनल्या." आणि ते तिच्याकडे विश्वासाने बघून हसले.

तिने गाळ्याचं शटर अर्धं ओढलं. रांगेतल्या लोकांना आज विक्री बंद आहे म्हणून सांगितलं. मग डोंगरसिंगांना स्कूटीवर बसवून ती नाक्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर तपासली. दोनशे नव्वद. त्यांनी उमरखेडला घरी फोन करून सुनेकडून गोळीचं नाव विचारून घेतलं. मग डोंगरसिंगांना समजावलं, "एक दिवस चुकलाय, तो भरून काढायला दुप्पट घ्यायची नाही. आज नेहमीच्या वेळी, नेहमीएवढीच. आणि मला विचारल्याशिवाय नाही तर तुमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही." चिठ्ठीवर त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं.

"आन् ते पाकीट?" डोंगरसिंगांनी विचारलं.

डॉक्टर प्राचीकडे बघत म्हणाले, "ते पाणी आहे, काका. वासाचं पाणी."

दवाखान्याच्या बाकावर बसूनच प्राचीने रानवाफच्या खात्यावरून ती रील उतरवली आणि इंदूबाईंना त्यांच्याकडची उतरवायला सांगितलं. तोवर ती चौदा लाख लोकांनी पाहिली होती. कितीजणांनी ती आपल्या फोनमध्ये उतरवून पुढे पाठवली होती हे कोणालाच कळण्यासारखं नव्हतं.

डोंगरसिंगांना एसटीत बसवून ती गाळ्यावर परतली तेव्हा यज्ञेश्वर उभेच होते. "का काढलीस? यात एकही विधान नियमाबाहेरचं नाही. मी स्वतः तपासलंय. कोणतंही प्राधिकरण आलं तरी..."

"बाबा, शुगर कमी होते असं म्हणू नये, हे ऐकून माणसाच्या कानात काय उरतं? शुगर कमी होते, एवढंच. कायदाही तेच बघतो, ऐकणाऱ्याला काय वाटलं ते." मग तिने डोंगरसिंगांचं सांगितलं. दोनशे नव्वद हा आकडाही सांगितला, आणि उद्या इंदूबाईंकडे जाणार हेही.

यज्ञेश्वर खुर्चीवर बसले. त्यांना स्वतःला आठ वर्षांपासून मधुमेह होता. रोज सकाळी रजनीताई गोळी हातावर ठेवत. त्यांनी टेबलावरच्या परिशिष्टाच्या प्रती गोळा केल्या, एकावर एक सरळ केल्या आणि म्हणाले, "मारेगावला मीही येतो."

दुसऱ्या दिवशी करंजीवरून मारेगाव आणि तिथून आत अशी दोघं इंदूबाईंच्या घरी पोहोचली, तेव्हा इंदूबाई रागात होत्या. पाणी दिलं, बसायला सांगितलं, पण पाय मुडपून समोर बसल्या नाहीत. दाराशी उभ्याच राहिल्या.

"पोरी, मी तीनदा बनवून देल्ली. पयली म्हनले चुकली, दुसरी म्हनले चुकली. तिसरी 'मान्य' म्हनून लिवून देल्लं यायनं. मंग माह्याच खात्यावरून काढाले काहून लावली? लोकं मले विचारून राह्यले, इंदूबाई, कंपनीनं तुले दाबलं का?"

"चूक तुमची नाही, मावशी."

"मंग कोनाची?"

"माझी," यज्ञेश्वर म्हणाले. प्राचीने त्यांच्याकडे चमकून बघितलं. घरातली हरवलेली किल्लीसुद्धा त्यांनी आजवर स्वतःची चूक म्हणून मान्य केली नव्हती. "मी जे लिहू नये ते लिहिलं. त्रेचाळीस वेळा."

मग प्राचीने डोंगरसिंगांची गोष्ट सांगितली. इंदूबाई ऐकत हळूहळू खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. "माय, गोळी सोडली त्यानं? माह्या भरवशावर?"

"हो."

"अन् त्याले काही झालं असतं तं?" त्या भगवानरावांकडे वळल्या. "मोबाईल आना. आत्ता."

"थांबा, आधी ब्रीफ..." यज्ञेश्वर सवयीने म्हणाले आणि प्राचीकडे वळले.

प्राचीने ब्रीफ तोंडीच दिला. "मावशी, फक्त दोन गोष्टी. जाहिरात आहे हे आधी सांगा. आणि औषध नाही हे सांगा. कुठल्याच आजाराचं नाव घेऊ नका, 'नाही' म्हणूनसुद्धा नाही. गोळ्या म्हणा, पण कशाच्या ते नको."

"चहा?"

"चहा नको. पण तुम्ही दुपारी हे घेता, हे सांगायला काही हरकत नाही. घेत असाल तर."

"घेतो ना. वास चांगला हाय. खोटं कायले बोलू?"

भगवानरावांनी मोबाईल धरला. इंदूबाई केस न विंचरता, आहे त्या लुगड्यात ओट्यावर बसल्या.

"ही जाहिरात हाय. परवाची मी काढून टाकली, कोनी दाबलं नाही मले, आता मलेही पटलं. आयका नीट. हे औषध नाही. डाक्टरनं ज्याले ज्या गोळ्या देल्या त्यानं त्या घ्या. एका मानसानं माह्या भरवशावर गोळी सोडली. मले रातभर आता झोप येनार नाही. हे तुळस-सुंठीचं पानी हाय. दुपारी कापूस वेचून आल्यावर मी घेतो. वास येते, घशातून गरम उतरते, मंग मी पुन्हा कामाले लागतो. एवढंच हाय. पटलं तं घ्या, नाही तं नका घेऊ. अन् कोनी आपल्या गोळ्या सोडल्या असतील तं त्यानं आजच्या आज आपल्या डाक्टरले फोन करा."

एक्केचाळीस सेकंद. प्राचीने तिथल्या तिथे मान्य म्हटलं. कॅप्शन इंदूबाईंनी स्वतः लिहिलं: 'जाहिरात. हे औषध नाही. इंदूबाई.'

त्या रीलला अकरा हजार व्ह्यूज मिळाले. खालच्या कॉमेंटमध्ये पहिले दोन दिवस जोरात मारामारी चालली. काहींचं ठाम मत होतं की मोठ्या औषध कंपन्यांनी इंदूबाईंना धमकावलं आहे. वणीच्या एकाने त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघायला सांगितलं, त्या डोळ्यांनी 'तीन नंबर' असा इशारा करत आहेत म्हणून. त्याला इंदूबाईंनी स्वतः उत्तर दिलं, 'डोळ्यात तुरीचा भुसा गेल्ता.'

प्राचीने तोवर ऑर्डर दिलेल्या सहाशे बारा जणांना एकेकाला निरोप पाठवला: हे औषध नाही, आजारासाठी मागवलं असेल तर कृपया ऑर्डर रद्द करा. पाचशे सत्तर जणांनी रद्द केली. एकाने विचारलं की खरं औषधवालं पाकीट कधी येणार आहे. उरलेल्या बेचाळीसांमध्ये त्या एसटीतल्या बाईही होत्या, प्राचीने फोटोवरून ओळखलं. त्यांनी लिहिलं होतं की बहिणीला वास आवडेल असं वाटतं.

आठवड्याने शेजारच्या गाळ्यातले अगरबत्तीवाले पेढ्यांचा पुडा घेऊन यज्ञेश्वरांकडे आले. "साहेब, आम्हालाही एक तसा कागद करून द्या ना. घरात भांडणं थांबतात असं म्हणू नये, नोकरी लागते असं म्हणू नये, अशी पंधरा-वीस कलमं. तुमच्यासारखी."

यज्ञेश्वरांनी पुडा न उघडता परत केला. अगरबत्तीवाल्यांना वाटलं, कलमांचा भाव वाढलाय. त्यांनी पेढ्यांचे दोन डबे आणायची तयारी दाखवली.

"कागद करून देतो," यज्ञेश्वर शेवटी म्हणाले, आणि लिहायला बसले. बरंच खोडलं, पुन्हा लिहिलं. प्राचीने मागून वाकून पाहिलं. पानावर एकच ओळ होती. 'अगरबत्ती आहे. वास कसा येतो ते खरं सांगावं.' अगरबत्तीवाल्यांनी पान उलटून मागची बाजू बघितली, तिथे काही नव्हतं, आणि ते नाराज होऊन गेले.

डोंगरसिंगांना प्राचीने एक पाकीट उमरखेडच्या एसटीने पाठवलं, आत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स ठेवून. पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नीचा, पंचफुलाबाईंचा फोन आला. प्राची उभी राहूनच फोनवर बोलली.

"काकांची तब्येत?"

"गोळ्या घेते टायमावर. शुगरही उतरली, डाक्टर म्हने." त्या जरा थांबल्या. "पन एक सांगू का, बाई? चाळीस वर्सं माह्या हातचा चहा पिऊन राह्यला हा मानूस. आता सकाळ-संध्याकाळ तुमचं थे पाह्यजे म्हनते. माह्या चहात वास नाही म्हने."

प्राचीने हाताशी असलेलं एक पाकीट उचललं.

"दुसरं पाकीट पाठवाल तं लहानच पाठवा," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.